काकू, अनामत परत कधी?

बारावीचे निकाल लागले, प्रवेशाच्या याद्या झळकल्या की आमच्या तालुक्याच्या गावातून वळकट्या आणि लोणच्याच्या बरण्या शहराकडे निघतात. कुणाची मुलगी स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याच्या सदाशिव पेठेत ‘कॉट बेसिस’वर, कुणाची कोल्हापूरला, कुणाची नाशिकला. आणि उलटही होतं बरं का! आमच्याकडे नर्सिंग आणि इंजिनीअरिंगची कॉलेजं निघाल्यापासून बाहेरगावच्या मुली आमच्या गावात राहायला येऊ लागल्या. ज्यांची मुलं नोकरीला लांब गेली, त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या रिकाम्या खोल्या भरल्या आणि घरातल्या बाईच्या हातात स्वतःचे चार पैसे आले.

आमच्या महिला मंडळात दोन्हीकडच्या बायका येतात. मुलगी पाठवणारी आईही आमची आणि मुली ठेवून घेणाऱ्या काकूही आमच्याच. त्यामुळे भांडण झालं की दोन्ही बाजू एकाच सतरंजीवर बसतात. अशा वेळी मी पहिली एकच गोष्ट मागते, नियमांचा कागद. बहुतेक घरांत तो असतो. मुलगी येते त्या दिवशी वाचून दाखवतात, सही घेतात आणि दाराच्या मागे चिकटवतात. पण मैत्रिणींनो, कागदाची खरी परीक्षा मुलगी येते त्या दिवशी होत नाही, ती खोली सोडते त्या दिवशी होते. जेवण, पाहुणे, रात्रीची वेळ, मोडतोड या सगळ्या नियमांचा शेवट एकाच ठिकाणी होतो, अनामत रकमेच्या हिशेबात. म्हणून प्रत्येक नियम वाचताना विचारायचं, ‘यावरून शेवटच्या दिवशी रुपयांत हिशेब मांडता येईल का?’

हे समजायला आपण एकच कागद समोर ठेवूया. आमच्याच गावातल्या एका काकूंचा. वरच्या मजल्यावर चार खोल्या, आठ मुली. एका मुलीचे राहण्याचे महिना ४,००० रुपये, दोन वेळच्या जेवणाचे ३,०००, अनामत ८,०००. लाइट-पाणी त्यातच. कागदावर सुवाच्य अक्षरात बारा नियम. काकू स्वभावाने चांगल्या, मुलींना ताप आला तर रात्री उठून काढा करणाऱ्या. तरीही भांडण झालंच, कारण कागद अर्धवट होता.

हा कागद इतका महत्त्वाचा का?

आधी थोडं कायद्याबद्दल. आपल्याकडे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आहे, तो २००० सालापासून लागू झाला. त्याच्या कलम ५५ प्रमाणे घर भाड्याने किंवा ‘लीव्ह अँड लायसन्स’वर दिलं तर करार लेखी हवा आणि त्याची नोंदणी हवी. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. पण याच कायद्यात ‘पेइंग गेस्ट’ची व्याख्या वेगळी केलेली आहे. मालक स्वतः ज्या घरात राहतो, त्याच घराचा एक भाग ज्या बाहेरच्या माणसाला राहायला दिला, तो पेइंग गेस्ट. ‘लायसन्सी’ म्हणजे परवान्यावर राहणारा, त्या व्याख्येतून पेइंग गेस्टला वगळलं आहे.

याचा आपल्यापुरता अर्थ असा. काकू खाली राहतात आणि वर मुली, तर मुली पेइंग गेस्ट. मालक दुसरीकडे राहतो आणि अख्खा फ्लॅट मुलींना दिलाय, तर दारावर ‘पी.जी.’ असं लिहून ती गोष्ट पेइंग गेस्टची होत नाही, तिथे नोंदणी केलेला करारच मागायचा. काकूंच्या घरात मात्र बहुतेक वेळा तो साधा कागद हाच करार असतो. म्हणून त्याच्या दोन प्रती हव्यात, दोन्हींवर दोघींच्या सह्या आणि तारीख हवी, आणि एक प्रत मुलीकडे हवी. दारामागे चिकटवलेला कागद पुढच्या रंगकामात निघून जातो हो!

खाडा म्हणजे किती दिवस?

काकूंच्या कागदावर जेवणाचा नियम होता, ‘गैरहजेरीचे पैसे कापले जाणार नाहीत.’ मुलींना हा जाच वाटतो. पण काकूंची बाजूही ऐका. आठ जणींची कणीक भिजते, भाजी आदल्या दिवशी आणलेली असते, गॅस कोणासाठी थांबत नाही. एक मुलगी सकाळी उठून ‘आज मी बाहेर जेवणार’ म्हणाली, तर काकूंचा एक रुपयाही वाचत नाही. मात्र तीच मुलगी आठ दिवस गावी गेली, तर किराण्यात फरक नक्की पडतो.

म्हणून मेसवाल्यांची जुनी रीत चांगली. सलग तीन दिवसांपेक्षा जास्त खाडा असेल आणि आदल्या दिवशी रात्री आठपर्यंत सांगितलं असेल, तरच पैसे वजा. किती वजा, तेही लिहायचं. महिन्याचे ३,००० म्हणजे दिवसाचे १०० होतात, पण गॅस आणि बाईचा पगार चालूच राहतो, म्हणून काकूंनी दिवसाला ७० ठरवले. कुणाला हे कमी वाटेल, पण आकडा आधी माहीत असला की वाद उरत नाही.

दोन गोष्टी बहुतेक कागदांवर नसतातच. एक म्हणजे उपास. चतुर्थी-एकादशीला पोळीभाजीऐवजी खिचडी मिळणार की ते ताट बुडालं समजायचं? दुसरी, काकूंचीच सुट्टी. भाचीच्या लग्नाला काकू चार दिवस गेल्या आणि चूल बंद राहिली, तर मुलींनी बाहेर खाल्लेलं कोणाच्या खर्चाने? नव्या कागदात लिहिलं, ‘एका दिवसापेक्षा जास्त जेवण बंद राहिल्यास दिवसाला १०० रुपये पुढच्या महिन्यात वजा.’ रविवारी संध्याकाळी जेवण नसतं, हेही स्पष्ट लिहिलं. आईला वाटतं दोन्ही वेळचं आहे, आणि मुलगी दर रविवारी वडापाव खाते.

पाहुणे आणि घरातली माणसं

‘पुरुष पाहुण्यांना सक्त मनाई.’ वाचायला ठणठणीत वाटतं. पण पहिल्याच दिवशी मुलीचे बाबा ट्रंक घेऊन जिन्याशी उभे राहतात, तेव्हा काय करायचं? वर चढले तर नियम मोडला, नाही चढले तर ट्रंक कोण नेणार? म्हणून नियम जागेसकट लिहावा. वडील-भाऊ खालच्या हॉलमध्ये सकाळी नऊ ते रात्री आठपर्यंत बसू शकतात. वर जायचं असेल तर सामान आणण्या-नेण्याच्या दिवशी, काकूंना सांगून, बाकीच्या मुलींना कल्पना देऊन. आई किंवा बहीण महिन्यातून दोन रात्री राहू शकते, पाहुण्याच्या एका ताटाचे ६० रुपये, राहण्याचे वेगळे पैसे नाहीत. जुन्या कागदावर नुसतं ‘पाहुण्यांचे वेगळे पैसे पडतील’ असं होतं. किती, ते कुठेच नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या नियमाची दुसरी बाजू आयांनी जरूर विचारावी. मुलीच्या खोलीत घरातलं कोण जाऊ शकतं? गच्चीवरच्या टाकीकडे जायला काकूंचा मुलगा मुलींच्या पॅसेजमधूनच जातो का? प्लंबर आला तर मुली नसताना कुलूप उघडतात का? पाहुण्यांचा नियम फक्त मुलींच्या पाहुण्यांना नसतो, घरच्यांनाही असतो. आम्ही लिहून घेतलं, ‘दुरुस्तीसाठी खोली उघडायची असल्यास आधी फोन, आणि काकू स्वतः हजर.’ कॅमेरा असेल तर तो फाटकावर आणि जिन्यापाशी, खोल्यांच्या किंवा न्हाणीघराच्या दिशेने नाही, हेही. काकूंना आधी राग आला, मग त्याच म्हणाल्या, “लिहिलेलं बरं, उद्या कुणी उगाच बोट दाखवायला नको.”

मुलींची नावं, कायमचा पत्ता आणि ओळखपत्राची प्रत पोलीस ठाण्यात देण्याची पद्धत आता अनेक ठिकाणी आहे. काकूंनी आधार कार्डाची प्रत मागितली तर दचकू नका. फक्त त्या प्रतीवर ‘राहण्याच्या नोंदीसाठी’ असं लिहून तारीख टाकायला मुलीला शिकवा.

दार किती वाजता बंद?

‘रात्री नऊनंतर दार उघडले जाणार नाही.’ हा नियम मला सगळ्यात भीतीदायक वाटतो. मुलगी सव्वानऊला आली आणि दार खरंच उघडलं नाही, तर ती कुठे जाणार? सुरक्षिततेसाठी केलेला नियम तिला रस्त्यावर उभं करतो. आणि काकू दार उघडतातच, म्हणजे नियम खोटा ठरतो. मग कोणाला उघडलं, कोणाला बोलणी बसली, यावरून मुलींमध्ये धुसफूस.

उशिराच्याही तऱ्हा असतात. नर्सिंगच्या मुलीची ड्यूटीच रात्री संपते. गावाहून येणारी एस.टी. घाटात अडकते. आणि कुणी सिनेमाला गेलेली असते. तिन्हींना एकच दंड कसा लावणार? नवा नियम असा केला, दाराची वेळ साडेनऊ. ड्यूटी असेल तर कॉलेजचं वेळापत्रक आधी द्यायचं, मग त्या दिवशी वेळ लागू नाही. वाटेत उशीर होत असेल तर साडेनऊच्या आत फोन. न कळवता उशीर झाला तर दार उघडायचंच, पण वहीत वेळ लिहून मुलीची सही. महिन्यात तिसऱ्यांदा झालं तर घरी फोन. पैशाचा दंड काढूनच टाकला. काकू म्हणाल्या, “शंभर रुपये देऊन उशीर विकत घ्यायला लागतात या पोरी, आईला फोन गेला की बरोबर वेळेत येतात!” अनुभवाचे बोल.

मात्र आयांनी एक पाहावं. घरी फोन करायचा तो ‘किती वाजता आली’ एवढं सांगायला. ‘कोणाबरोबर आली’ या चर्चेसाठी नाही. वहीत फक्त वेळ असावी.

मोडलं कोणी आणि झिजलं कशाने

मोडतोडीच्या नियमाची सुरुवात मोडतोडीच्या दिवशी करून उपयोग नाही. ती राहायला येण्याच्या दिवशी करायची. खोलीतल्या सामानाची यादी करा: कॉट, गादी, टेबल, खुर्ची, कपाट आणि त्याची किल्ली, आरसा, पंखा, ट्यूब, बादली. प्रत्येकापुढे स्थिती लिहा. ‘गादी जुनी, एका बाजूला डाग’, ‘खिडकीची काच तडकलेली’. मोबाइलवर फोटो काढून त्याच दिवशी काकूंना पाठवा, म्हणजे तारखेसकट दोघींकडे राहतो. दहा मिनिटांचं काम आहे, पण दोन वर्षांनी तेच साक्षीला येतं.

मग फरक लिहायचा. वापरून झीज झाली तर खर्च घराचा. भिंतीचा रंग उडाला, पंख्याचा रेग्युलेटर बंद पडला, नळाचा वायसर गेला, गादी दबली, ही सगळी झीज. हातून पडून, हलगर्जीने मोडलं तर खर्च मुलीचा, तोही दुरुस्तीचं किंवा तशाच वस्तूचं बिल दाखवून. पाच वर्षांच्या खुर्चीचा पाय मोडला म्हणून नव्या खुर्चीचे पैसे घेणं बरोबर नाही, सुताराची मजुरी घ्यावी. किल्ली हरवली तर किल्लीचे आणि बाकीच्यांच्या सुरक्षिततेसाठी कुलूप बदललं तर त्याचेही पैसे, हे मात्र मुलीने द्यावेत.

‘कोणी केले ते न कळल्यास सर्वांकडून वसूल करण्यात येईल’ हा नियम जवळजवळ सगळ्या कागदांवर असतो. दोघींच्या खोलीतल्या वस्तूबद्दल एक वेळ ठीक. पण आठ जणी वापरतात त्या न्हाणीघराचं भांडं तडकलं आणि गावी गेलेल्या मुलीकडूनही पैसे घेतले, तर ती कसं मान्य करेल? नवा कागद म्हणतो, खोलीतलं त्या खोलीतल्या दोघींकडून, सामाईक जागेचं घराकडून, कोणी केलं ते कळलं तरच तिच्याकडून.

आता नोटीस, आणि तो हिशेब

आता ज्या भांडणामुळे हा जुना कागद माझ्यासमोर आला, ते सांगते. त्यावर शेवटचा नियम होता, ‘खोली सोडण्यापूर्वी एक महिना आधी कळवावे, अन्यथा अनामत परत मिळणार नाही.’ दोन वर्षं राहिलेल्या एका मुलीला शहरातल्या दवाखान्यात नोकरी लागली. १० जूनला रात्री जेवताना तिने काकूंना सांगितलं आणि १० जुलैला ती निघाली. काकूंनी हिशेब दिला. नोटीस महिन्याच्या मध्ये दिली म्हणून जुलैचे पूर्ण ७,०००. तीनदा उशीर, दंड ३००. आई दोन रात्री राहिली, ४००. फुटलेला आरसा ५००, खोलीला रंग १,५००. एकूण ९,७००. म्हणजे ८,००० ची अनामत गेलीच, वर १,७०० रुपये मुलीनेच देणं निघालं! मुलगी रडत, तिची आई भडकलेली, काकूही दुखावलेल्या. “पोटच्या पोरीसारखं केलं हिचं,” म्हणत डोळे पुसत होत्या.

आम्ही एकेक ओळ घेतली. ‘एक महिना’ म्हणजे कळवल्यापासून तीस दिवस की पुढचा अख्खा महिना? काकूंचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. मुली एक तारखेला येतात, दहा तारखेला रिकामी झालेली कॉट महिनाभर तशीच पडते. पण तसं धरायचं होतं तर तसं लिहायला हवं होतं. जे लिहिलंच नव्हतं, त्याचा भार मुलीवर टाकता येईना. मग मुलीने तोंडी सांगितलं याला पुरावा काय? तिने त्याच रात्री काकूंच्या सुनेला मोबाइलवर मेसेज केला होता, ‘वहिनी, मी १० जुलैला रूम सोडतेय, काकूंना सांगितलंय.’ तारीख होती १० जून. दुसऱ्या दिवसापासून मोजलं तर जूनचे वीस दिवस आणि जुलैचे दहा. बरोबर तीस.

म्हणून जुलैचे दहाच दिवस धरले. राहण्याचे ४,००० भागिले ३० गुणिले १०, म्हणजे १,३३३ रुपये. जेवणाचे दिवसाला १०० प्रमाणे १,०००. उशिराच्या दंडाचा आकडा कागदावर नव्हता आणि त्या त्या वेळी मागितलाही नव्हता, तो काढला. आईने चार ताटं जेवलेली, ती तिनेच मान्य केली, ६० प्रमाणे २४०. आरसा मुलीच्या हातून फुटला होता, दुकानातून भाव काढला, ४५०. रंग म्हणजे दोन वर्षांची झीज, तो काकूंकडे. एकूण ३,०२३. आठ हजारांतून ते वजा करून ४,९७७ रुपये मुलीला परत मिळाले. दोघींनी खाली सही केली.

‘अन्यथा अनामत परत मिळणार नाही’ या वाक्याबद्दलही सांगते. करारात दंडाची रक्कम लिहिली म्हणून ती आपोआप पूर्ण मिळते असं नाही. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७४ सांगतं, की करार मोडला तर लिहिलेल्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाई मिळते. पाच दिवस उशिरा कळवलं म्हणून आठ हजार खिशात घालणं वाजवी म्हणता येणार नाही.

नव्या कागदातला नोटिशीचा नियम असा आहे. नोटीस लेखी, चिठ्ठीने किंवा मोबाइलवरच्या मेसेजने, आणि समोरचीने ‘मिळाली’ असं उत्तर द्यायचं. कळवल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ३० दिवस मोजायचे. आधी निघायचं असेल तर उरलेल्या दिवसांचे फक्त राहण्याचे पैसे, जेवणाचे नाहीत. त्या दिवसांत दुसरी मुलगी आली, तर तिच्या येण्यापर्यंतचेच. निघायच्या दिवशी यादी हातात घेऊन दोघींनी खोली पाहायची आणि सात दिवसांच्या आत अनामत मुलीच्या किंवा आईच्या खात्यात जमा करायची.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, नोटीस दोन्हीकडून. जुन्या कागदावर मुलीला महिनाभराची अट होती, काकू मात्र कधीही ‘उद्या खोली रिकामी कर’ म्हणू शकत होत्या. आता काकूंनाही तीसच दिवस, आणि परीक्षा चालू असेल तर ती संपेपर्यंत थांबायचं. चोरी, मारहाण असं काही घडलं तरच लगेच, तेही मुलीच्या घरून कुणी न्यायला येईपर्यंत तिला घरात ठेवून.

मुलगी पोहोचवायला जाल, तेव्हा चहा होण्याआधी हा कागद मागा. ज्या नियमापुढे आकडा, वेळ किंवा तारीख नसेल, तिथे पेन काढून काकूंसमोरच लिहून घ्या. आणि तुम्हीच काकू असाल, तर आज संध्याकाळी दारामागचा कागद काढून एकदा वाचा. एखादी मुलगी उद्या सोडून चालली तर हिशेब काय निघेल, तो करून पाहा. जिथे अडाल, तोच नियम पुन्हा लिहायचाय.